धागा: तोफगोळा लागला की तट फुटतो, पण त्याआधी लॅपटॉप फुटतो

अर्धाकप
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून रात्री एक छोटा गेम करतोय, युनिटीमध्ये. किल्ल्याच्या तटावर तोफा डागायच्या, खिंडार पाडायचं, एवढंच. तट २४ मीटर लांब आणि ६ मीटर उंच आहे. व्होरोनॉय पद्धतीने, म्हणजे काच तडकावी तसे, त्याचे ४०० वेडेवाकडे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला `Rigidbody` आणि कन्व्हेक्स `MeshCollider` लावला, शेजारच्या तुकड्यांना `FixedJoint` ने जोडलं आणि ठरावीक जोराला तो सांधा तुटेल असं केलं.

माझ्या डेस्कटॉपवर चालतंय. पण गेम ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याकडे डेस्कटॉप नसतो, म्हणून बहिणीच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर बघितलं. आय-थ्री, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तिथे गोळा लागायच्या आधीच तट जेलीसारखा थरथरतो. आणि गोळा लागला की चार-पाच सेकंद अक्षरशः २ एफपीएस, मग हळूहळू सावरतं. तुकडे कमी करून १५० केले तर खिंडार लेगोच्या ठोकळ्यांसारखं दिसतं. फुटलेल्या तटाचं चित्र सोबत टाकलंय. काय करू?

धोपटमार्ग
पॉलिगॉन कमी कर. मशीनला ग्राफिक्स कार्डच नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? सावल्या बंद, टेक्स्चर अर्धे, लांबच्या तटाला एलओडी. माझा रेसिंगचा गेम असाच सुटला होता.

रात्रपाळी
मी व्हीएफएक्समध्ये आहे. ४०० तुकडे म्हणजे काहीच नाही हो, आम्ही ब्लेंडरमध्ये सेल फ्रॅक्चरने काही हजार पाडतो. सिम्युलेशन बेक करायचं, म्हणजे एकदाच मोजून साठवायचं, रात्रभर रेंडरला लावायचं, सकाळी चहा घेऊन बघायचं. तुम्ही बेक का करत नाही?

अर्धाकप
@रात्रपाळी, गोळा कुठे लागेल ते खेळणारा ठरवतो. बेक काय करू?

रात्रपाळी
अच्छा, गेम! मी शॉर्ट फिल्म समजलो. सॉरी. तरी एक सांगतो: शेवटी अख्खा बुरूज कोसळतो असा एखादा ठरलेला प्रसंग असेल तर तेवढा बेक करून अॅनिमेशन म्हणून चालवा. त्यात फिजिक्सचा खर्च शून्य.

मंद्रसप्तक
@अर्धाकप, उपाय करायच्या आधी प्रोफाइलर उघडा. `FixedUpdate.PhysicsFixedUpdate` ची ओळ शोधा आणि दोनच आकडे इथे टाका: एका फ्रेममध्ये ती किती वेळा चालली, आणि एका वेळेला किती मिलिसेकंद लागले. "२ एफपीएस" हे वाचूनच मला शंका आली आहे, पण आधी आकडे.

अर्धाकप
बघितलं ताई. गोळा लागल्यावरच्या फ्रेममध्ये १६ वेळा! एका वेळेला साधारण ३१ मिलिसेकंद. हे १६ कुठून आलं? मी तर कुठेच लूप लावलेला नाही.

मंद्रसप्तक
हीच शंका होती. युनिटीत `Fixed Timestep` मुळात 0.02 असतो. म्हणजे खेळातल्या एका सेकंदाला फिजिक्सची ५० पावलं टाकायची. एका पावलाला २० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ठीक. तुमचं पाऊल ३१ चं आहे. पहिल्या फ्रेमला उशीर झाला, म्हणून पुढच्या फ्रेमला राहिलेली पावलं भरून काढायची. ती भरताना आणखी उशीर, मग आणखी पावलं. सावकाराच्या व्याजासारखं आहे हे, मुद्दल कधी फिटतच नाही. कुठेतरी थांबावं म्हणून `Maximum Allowed Timestep` असतो आणि तो मुळात 0.3333333 आहे. त्याला 0.02 ने भागा, १६ येतात. १६ गुणिले ३१ म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद एका फ्रेमला. झाले तुमचे २ एफपीएस.

म्हणजे @धोपटमार्ग यांचा सल्ला या क्षणाला लागू नाही. सगळे पॉलिगॉन काढून टाकले तरी हे २ चे ३ होणार नाहीत, कारण वेळ चित्र काढण्यात जातच नाहीये.

धोपटमार्ग
मग `Fixed Timestep` 0.04 करून टाक की. पावलं निम्मी होतील.

मंद्रसप्तक
अर्धं बरोबर. पन्नासऐवजी पंचवीस पावलं, गुणिले ३१, म्हणजे सेकंदातले ७७५ मिलिसेकंद. चक्र थांबेल, पण बाकी सगळ्या गेमला उरलेल्या पाव सेकंदात मावावं लागेल. शिवाय पाऊल लांब झालं की वेगाने पडणारे तुकडे एकमेकांत घुसतात. तरी वरची मर्यादा 0.05 च्या आसपास आणून ठेवाच. मग वाईट वेळी गेम गोठणार नाही, स्लो मोशनमध्ये जाईल. तट पडताना ते खपूनही जातं.

खरं दुखणं सांध्यांचं आहे. ४०० तुकडे सांध्यांनी बांधले की फिजिक्स इंजिन त्यांना एकच बेट समजतं, आणि त्या बेटातला एक तुकडा जरी जागा असला तरी कोणालाच झोपू देत नाही. गोळा न लागता तट थरथरतो तो म्हणूनच. सॉल्व्हर हजारभर सांधे दर पावलाला जुळवायचा प्रयत्न करतोय आणि त्याला ते पुरतं जमत नाहीये. जो तट उभा आहे त्याचं फिजिक्स करायचंच कशाला? उभा तट म्हणजे नुसती यादी: कोण आहे, कोण गेलं, कोण कोणावर टेकलंय. `Rigidbody` फक्त पडणाऱ्याला द्यायची, तीही पडायच्या क्षणी.

पक्या_७७
माझ्या मोबाइलवर पण गेम अडकतो, ग्राफिक्स लो वर ठेवलंय तरी. कोणती सेटिंग करू?

धोपटमार्ग
@पक्या_७७, वेगळा धागा काढ रे.

व्हॉक्सेलवाला
हे सगळं सोडा आणि व्हॉक्सेल घ्या, म्हणजे तट बारीक घनांचा बनवा. टिअरडाउन बघा, तिथे १० सेंटीमीटरचे व्हॉक्सेल आहेत आणि जे दिसतं ते जवळजवळ सगळं फुटतं. तुमचा तट दीड मीटर जाड धरला तर २४० × ६० × १५, म्हणजे २ लाख १६ हजार व्हॉक्सेल. एकाला एक बाइट धरा. ही काय मेमरी झाली?

मंद्रसप्तक
मेमरी नाहीच, ते मान्य. पण टिअरडाउनचं इंजिन त्यांनी स्वतः लिहिलेलं आहे. तिथे व्हॉक्सेलचा मेश बनत नाही, किरण थेट त्या घनातून चालवतात, आणि ते काम ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर होतं. बहिणीच्या लॅपटॉपमध्ये तेच नाहीये. युनिटीत दर फटक्याला मेश पुन्हा बांधावा लागेल. तेही परवडेल, पण खाली पडणाऱ्या वेड्यावाकड्या व्हॉक्सेलच्या ढेकळाला कोलायडर कसला देणार? तिथे गाडी अडते.

व्हॉक्सेलवाला
मेश बांधणं अवघड नाही. १६ × १६ × १६ चे चंक पाडायचे, ज्याला धक्का लागला तेवढाच पुन्हा बांधायचा. सपाट शेजारी चौकोन जोडून एक मोठा चौकोन केला की त्रिकोण भरपूर कमी होतात. अर्ध्या मीटर त्रिज्येचं भोक १० व्हॉक्सेल रुंद, म्हणजे वाईटात वाईट आठ चंक. एकदा मला भोकाच्या कडेला आरपार आभाळ दिसायचं, तटाच्या आत काही नसल्यासारखं. दोन दिवस गेले. चंकच्या अगदी काठावरचा व्हॉक्सेल गेला की शेजारच्या चंकचा आतापर्यंत झाकलेला चेहरा उघडा पडतो, आणि मी शेजाऱ्याला पुन्हा बांधतच नव्हतो. काठावर काही बदललं की शेजारीही यादीत घालायचा. कोलायडरचं मात्र खरं आहे. मी जवळचे व्हॉक्सेल गोळा करून पाच-सहा चौकोनी खोके बसवायचो. ओबडधोबड, पण पडताना कोण बघतंय.

चुनखडी
मी गेम खेळत नाही, नातू खेळतो. जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीत तीस वर्षं गेली, म्हणून तोंड घालतो. अर्धाकप, तुम्ही टाकलेलं चित्र पाहिलं. तुमचा तट काच फुटावी तसा फुटलाय. दगडी तट असा फुटत नाही हो. काळ्या दगडाची घडीव चिरेबंदी असेल तर चिरा सहसा मधून तुटत नाही, सांधा सुटतो. समोर एक दर्शनी थर, मागे एक, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे, माती, चुना अशी भरताड. गोळ्याने चार चिरे निखळले की आतली भरताड घळघळ बाहेर येते. आणि वरचे चिरे त्रिकोणात ढासळतात, सगळा तट नाही.

अर्धाकप
काका, त्रिकोणात म्हणजे?

चुनखडी
थर कसे रचतात? वरच्या चिऱ्याचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर येतो. एका थरातले सलग चार चिरे काढा. वरच्या थरात त्या जागेवर पाच चिरे येतात. दोन्ही कडांचे दोन अर्धे टेकलेले आहेत, ते राहतात, मधले तीन पडतात. त्याच्या वर दोन, त्याच्या वर एक. मग गाळा मिटतो आणि वरचा तट आपला उभा राहतो. पडक्या वाड्याच्या खिडकीची वरची तुळई कुजून गेली की भिंतीत असा त्रिकोण दिसतो, बघा कधीतरी. अर्धा टेकलेला चिरा राहतो तो वरच्या ओझ्यामुळे, हे लक्षात असू द्या. सगळ्यात वरच्या थरात ओझं नाही, तिथे तो कलंडतो.

मंद्रसप्तक
काका, तुम्ही नकळत याचा अर्धा प्रश्न सोडवलात.

@अर्धाकप, व्होरोनॉय टाका कचऱ्यात. चिरा ६० × ४० सेंटीमीटरचा धरा, मग दर्शनी थरात ४० गुणिले १५, म्हणजे ६०० चिरे. आकडा वाढला, पण आता प्रत्येक तुकडा खोका आहे. `BoxCollider` हा कन्व्हेक्स `MeshCollider` पेक्षा कितीतरी स्वस्त. आणि आधार तपासायला शेजाऱ्यांचं जाळं धुंडाळावं लागत नाही. दगड वरून लोंबकळत नाही, तो खालच्यावर बसतो. म्हणून चिऱ्यांना थराच्या क्रमाने नंबर द्या आणि तळापासून वर एकदाच चालत जा:

```csharp
for (int i = 0; i < count; i++)   // तळापासून वर
{
    held[i] = !gone[i] && row[i] == 0;
    if (gone[i]) continue;
    foreach (int b in below[i])
        held[i] |= held[b];
}
```

ज्याचा `gone` खोटा आणि `held` ही खोटा, तो पडणार. ६०० चिऱ्यांसाठी हे इतकं किरकोळ काम आहे की प्रोफाइलरमध्ये शोधावं लागेल. `below`, म्हणजे कोणता चिरा कोणावर टेकलाय ही यादी, मात्र एडिटरमध्येच बनवून साठवा, खेळताना नको. पडलेल्याला लगेच `gone` करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या गोळ्याला तोच चिरा दुसऱ्यांदा पडेल.

व्हॉक्सेलवाला
हे चिरेबंदीपुरतं छान आहे. मातीची गढी आली की काय करणार? तिला चिरेच नाहीत.

मंद्रसप्तक
तिथे तुमचे व्हॉक्सेल. पांढऱ्या मातीची भिंत ढेकळांनी ढासळते, आणि ढेकूळ जमिनीवर फुटून धूळ झालं तरी कोणाला खटकत नाही. कोलायडरचा प्रश्नही बराचसा मिटतो. पण विषय तटाचा चाललाय.

अर्धाकप
शनिवार-रविवार यातच गेला. अहवाल देतो.

चांगलं आधी. तट थरथरायचा थांबला, कारण आता थरथरायला काही उरलंच नाही. काकांचा त्रिकोण पहिल्याच गोळ्याला दिसला: चार चिरे उडवले, वरचे तीन, दोन, एक असे सहा पडले. मी खुर्चीतून उठून बहिणीला दाखवायला गेलो. ती म्हणाली, "माझा लॅपटॉप परत कधी देतोस?"

आता वाईट. चिऱ्यांना `Rigidbody` दिली की ते पडत नाहीत, लाह्या फुटाव्यात तसे चारी दिशांना उडतात. एक तर थेट तोफेवर येऊन आदळला. आणि त्या एका फ्रेमला मोठा झटका बसतो, पुढे ठीक.

मंद्रसप्तक
लाह्या: चिरे एकमेकांना घट्ट चिकटून आहेत. दशांशांच्या किंचित फरकाने त्यांचे कोलायडर एकमेकांत घुसलेले असतात. जागे झाल्याबरोबर इंजिन त्यांना जोरात वेगळं करतं. कोलायडर चिऱ्यापेक्षा दोन-तीन टक्के लहान ठेवा, आणि `maxDepenetrationVelocity` खाली आणा, १ पासून सुरुवात करून बघा.

झटका: तुम्ही त्याच क्षणी वस्तू बनवताय ना? पडणारे चिरे आधीच बनवून बंद करून ठेवा. पडायची वेळ आली की तटातला चिरा लपवायचा आणि साठ्यातला त्याच जागी उभा करायचा. साठा ६० चा पुरे. ६१ वा लागला तर जो सगळ्यात आधी पडून निजलाय तो उचला. निजलेल्याची `Rigidbody` काढून त्याला नुसता पडलेला दगड करून टाकलं तर ढीग तसाच राहतो आणि साठाही मोकळा होतो.

आणि सहाच्या सहा चिऱ्यांना सुटं करू नका. दोन-तीन चिरे चुन्याने चिकटलेले राहिले असं दाखवून एकाच `Rigidbody` खाली घाला. खऱ्या ढिगातही तसे गठ्ठे असतात, हो ना काका?

चुनखडी
असतात. चुना चांगला मुरलेला असेल तर गठ्ठाच खाली येतो.

धोपटमार्ग
आता ६०० चिरे म्हणजे ६०० ड्रॉ कॉल ना? की अजूनही माझा सल्ला कचऱ्यात?

मंद्रसप्तक
नाही, आता तुमची वेळ आली. फिजिक्स हललं की पुढची अडचण हीच. सुट्या `MeshRenderer` नी ६०० चिरे काढले तर त्या लॅपटॉपचा सीपीयू नुसती आज्ञापत्रं लिहीत बसेल. पण सगळे चिरे चार-पाच साच्यांतलेच आहेत, तेव्हा `Graphics.DrawMeshInstanced` वापरा. एका हाकेला १०२३ पर्यंत चालतात, म्हणजे साच्याला एक हाक. मटेरियलवर `Enable GPU Instancing` ची खूण करायला विसरू नका.

धोपटमार्ग
किंवा न फुटलेला तट एकच मेश ठेव आणि लागल्यावर बदल.

मंद्रसप्तक
तेही चालतं, आठ चिऱ्यांच्या रुंदीचा एक असे पाच भाग करून. पण बदलाच्या क्षणी उजेडात किंचित फरक पडतो आणि डोळा तो पकडतो. शिवाय भागांच्या शिवेवर अर्धे चिरे येतात, ते कोणाचे हा वाद सोडवत बसावं लागतं. मी असते तर आधी पहिला मार्ग बघितला असता.

अर्धाकप
इन्स्टन्सिंग केलं. साठा, लहान कोलायडर, गठ्ठे, सगळं केलं. बहिणीच्या लॅपटॉपवर पाच गोळे एकामागे एक टाकले तरी फिजिक्सचं पाऊल ४ मिलिसेकंदांच्या वर गेलं नाही, आणि एका फ्रेमला एकच पाऊल, कधीतरी दोन. ४५ च्या खाली एफपीएस आला नाही. भरताड मी तुकड्यांनी केलीच नाही. मागे दगडगोट्यांचं चित्र असलेला एक खडबडीत मेश आहे आणि भोकातून धूळ-खड्यांचे पार्टिकल. घळघळ दिसतं.

एक तडजोड करावी लागली. पडलेले चिरे एकमेकांवर आदळू नयेत असं लेयरच्या तक्त्यात बंद केलं होतं, वेग वाढला, पण ढीग होईना, सगळे एकमेकांत घुसून चपाती. परत चालू केलं.

आता नवीन पंचाईत. दरवाज्याची कमान. नियमाप्रमाणे कमानीच्या मधल्या चिऱ्याखाली काहीच नाही, म्हणून गेम सुरू झाल्याबरोबर, एकही गोळा न लागता, कमान आणि तिच्यावरचा त्रिकोण धाडकन खाली!

व्हॉक्सेलवाला
हा हा हा. शत्रूला दार उघडंच.

रात्रपाळी
ती बेक करा. आता तरी माझं ऐका.

मंद्रसप्तक
कमानीचे सगळे चिरे मिळून एकच चिरा समजा. त्याच्या `below` मध्ये दोन्ही बाजूंचे पायथे. मात्र तिथे "किंवा" नाही, "आणि" हवं: दोन्ही पायथे असतील तरच कमान उभी. आणि त्यातला एक चिरा जरी उडाला तरी सगळ्यांना `gone`. पडण्याचं चित्र रात्रपाळींच्या पद्धतीने बेक करा, ती एकाच तऱ्हेने पडते.

चुनखडी
मधला कळीचा दगड गेला की सगळी येते, हे बरोबर. पण बाजूचा एखादा निखळला तर दर वेळी येतेच असं नाही. मागची भरताड आणि वरचं ओझं तिला आवळून धरतं. मी तीन चिरे नसलेली कमान पावसाळ्यानंतर पावसाळे उभी पाहिली आहे. तुमच्या "एक गेला की सगळे गेले" याला मी सही करणार नाही.

मंद्रसप्तक
मान्य, पण ते नीट करायचं तर दाबाची रेषा कुठून जाते हे काढावं लागेल, आणि त्या लॅपटॉपवर ते मला नको वाटतं. कळीचा दगड गेला की सगळी, बाजूचे दोन जाईपर्यंत माफ, असा कच्चा नियम चालेल का?

चुनखडी
खेळापुरता चालेल. बुरुजाचं काय करणार आहात? तो गोल असतो, आणि बरेचदा वर निमुळता. वरच्या थरात चिरे कमी बसतात, सांधे मध्यावर येत नाहीत. कुठे पाव टेकलेला, कुठे पाऊण.

अर्धाकप
त्याचा विचारच केला नव्हता. `below` बनवताना किती टेकलाय तेही साठवावं लागेल बहुतेक, आणि एक तृतीयांशाच्या खाली असेल तर आधार धरायचा नाही. पण मग पावभर टेकलेले चिरे पहिल्याच फ्रेमला पडतील, कमानीसारखेच. उद्या रात्री बसतो. लॅपटॉप गुरुवारपर्यंतच आहे, तिची परीक्षा आहे.